आधी दिवस मोजा, मग रुपये: लाईट बिलाबद्दल गल्लीतल्या मंडळांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव शहर, येळ्ळूर, कंग्राळी, हिंडलगा, खानापूर, निपाणी आणि आसपासच्या गावांतील युवक मंडळे, महिला मंडळे व बचत गटांचे कार्यकर्ते यांस,

स. न. वि. वि.

गल्लीत कुणाला लाईट बिल जास्त आलं की ते आधी तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातात येतं. बिल कानडीत छापलेलं असतं, घरातली म्हातारी माणसं शेवटचा आकडा तेवढा वाचतात, आणि "एवढं कसं काय आलं?" हा प्रश्न मंडळाच्या कट्ट्यावर येतो. तिथून पुढे बहुतेक वेळा दोनच गोष्टी होतात. एक तर शिव्या घालत बिल भरलं जातं, नाही तर रागाने तसंच ठेवून दिलं जातं. दोन्हींत ग्राहकाचंच नुकसान आहे. हे पत्र तिसऱ्या वाटेबद्दल आहे. बिल भरण्याआधी कुठल्या ओळी कुठल्या क्रमाने वाचायच्या आणि चूक सापडली तर काय करायचं, एवढंच यात लिहिलं आहे. घरगुती जोडणीपुरतंच लिहितो. पंपसेट, माग आणि दुकानांचे दर व सवलती वेगळ्या असतात.

मुळाची गोष्ट आधी सांगतो. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजना आहे, त्यामुळे आपल्याकडच्या बिलांतल्या चुकांचं स्वरूपच पालटलं. योजनेत प्रत्येक घराला एक हक्काचा आकडा ठरवून दिलेला आहे. 2022-23 या वर्षातला महिन्याचा सरासरी वापर आणि त्यावर 10 टक्के, असा तो निघतो. ज्यांची सरासरी 48 युनिटांपर्यंत होती, त्यांना नंतर 10 टक्क्यांऐवजी सरळ 10 युनिट वाढवून मिळाले. ज्यांचा जुना वापर नोंदलेलाच नाही, अशा नव्या घरांना आणि भाडेकरूंना 53 युनिट व वर 10 टक्के, म्हणजे 58 युनिट धरतात. हक्काच्या आकड्याच्या आत वापर राहिला तर बिल शून्य येतं. त्याच्या वर, पण 200 च्या आत असला, तर वरच्या युनिटांचे पैसे भरायचे. 200 च्या वर एक युनिट जरी गेलं तरी त्या महिन्याचं अख्खं बिल भरावं लागतं.

ही 200 ची रेघ नीट ध्यानात ठेवा. युनिटाचा दर जर सगळीकडे सारखा असता आणि सवलत नसती, तर या महिन्यात चुकून वाढलेले 50 युनिट पुढच्या महिन्यात आपोआप कमी झाले असते आणि दोन बिलांची बेरीज तीच राहिली असती. काउंटरवर तक्रार नेली की "पुढच्या महिन्यात जुळतं हो" असं उत्तर मिळतं, ते याच जुन्या हिशेबावरचं आहे. आता ते खरं नाही. एका महिन्यात रेघ ओलांडली की त्या महिन्याची सवलत गेली. पुढच्या महिन्याचं बिल शून्य आलं म्हणून ती परत येत नाही.

म्हणून बिल हातात आलं की रुपये बघू नका. आधी हे कुणाचं बिल ते बघा. आर. आर. नंबर आपलाच आहे का, आणि मीटरच्या पट्टीवर कोरलेला नंबर बिलावरच्या मीटर नंबराशी जुळतो का? एका जिन्याखाली चार मीटर असतील तिथे ही अदलाबदल होते, आणि मीटर बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन बिलांतही होते. मीटर बदललं असेल, तर जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं सुरुवातीचं रीडिंग लिहिलेला कागद मागून ठेवा. तो नसेल तर पुढचा सगळा हिशेब कुणाच्या तरी शब्दावर चालतो.

मग दोन तारखा आणि दोन रीडिंग. कानडी बिलावर मागच्या रीडिंगच्या ओळीत 'हिंदिन' आणि आताच्या ओळीत 'इंदिन' किंवा 'प्रस्तुत' असा शब्द असतो, वापराला 'बळके' म्हणतात. छपाईत शब्द थोडे इकडेतिकडे असतील, पण आकडे सगळ्यांना वाचता येण्यासारखेच असतात. या चार आकड्यांपाशी पाच मिनिटं घालवा. घरगुती बिलातल्या बहुतेक मोठ्या चुका इथेच सापडतात. पुढच्या रुपयांच्या ओळी यंत्र गुणाकार करून छापतं, आणि गुणाकारात यंत्र सहसा चुकत नाही. त्याला दिलेला आकडाच चुकीचा असतो.

सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार घर बंद असण्याचा आहे. मीटर घराच्या आत आहे, रीडिंग घ्यायला माणूस आला तेव्हा कुलूप होतं, म्हणून त्या महिन्याचं बिल सरासरीवर काढलं. हे ओळखायची खूण सोपी आहे. मागचं आणि आताचं रीडिंग सारखंच छापलेलं असतं, तरीही वापराच्या रकान्यात युनिट असतात. यात गैर काही नाही. घोळ पुढच्या महिन्यात, खरं रीडिंग घेतलं जातं तेव्हा होतो.

एक दाखला आकड्यांसह मांडतो. दोन किलोवॅट मंजूर भाराचं घर, 2022-23 ची सरासरी 120 युनिट, म्हणजे हक्क 132 युनिटांचा. 5 जुलै 2025 ला खरं रीडिंग 4,812. 5 ऑगस्टला घर बंद, म्हणून सरासरीने 110 युनिट धरले. ते 132 च्या आत असल्यामुळे बिल शून्य. 5 सप्टेंबरला रीडिंग 5,128. दोन खऱ्या रीडिंगांतला फरक 316 युनिट, आणि तो 62 दिवसांचा आहे.

आता 316 मधून आधी धरलेले 110 वजा केले तर सप्टेंबरच्या बिलात 206 युनिट दिसतात. वरवर बघता हिशेब चोख वाटतो. पण 206 म्हणजे 200 च्या वर, म्हणून सवलत बंद. 2025-26 च्या घरगुती दराने, 5 रुपये 80 पैसे युनिट धरून, विजेचा आकार 1,194 रुपये 80 पैसे होतो. त्यावर 9 टक्के कर 107 रुपये 53 पैसे. पेन्शन व ग्रॅच्युइटीचा अधिभार त्या वर्षी युनिटमागे 36 पैसे, म्हणजे 74 रुपये 16 पैसे. स्थिर आकार किलोवॅटला 145 प्रमाणे 290 रुपये. एकूण 1,666 रुपये 49 पैसे, इंधन समायोजन असेल तर ते वेगळं.

या घराने खरोखर किती वीज वापरली? 62 दिवसांत 316, म्हणजे 31 दिवसांना 158. एकाही महिन्यात घर 200 च्या जवळपाससुद्धा गेलेलं नाही. दर महिन्याला हक्कापेक्षा 26 युनिट जास्त, दोन महिन्यांचे 52. त्यांचा विजेचा आकार 301 रुपये 60 पैसे. कर आणि अधिभार धरून साडेतीनशेच्या आत. साडेतीनशे आणि साडेसोळाशे यांतला फरक कुणी जास्त वीज जाळल्यामुळे पडलेला नाही. ऑगस्टचे युनिट सप्टेंबरात मोजले गेल्यामुळे पडला आहे.

कधी याहून वाईट होतं आणि पूर्ण 316 युनिट एकाच महिन्याचे म्हणून छापले जातात. ते पटकन ध्यानात येतं, कारण बिल अंगावर येतं. 206 वालं बिल मात्र "या महिन्यात जरा जास्त जळली असेल" म्हणून भरलं जातं, त्यामुळे आम्ही त्यालाच जास्त धोक्याचं मानतो. म्हणून नियम असा करा. सरासरीच्या बिलानंतरचं पहिलं बिल आलं की मागचं रीडिंग कुठल्या तारखेचं आहे ते तपासा. रीडिंग जुलैचं आणि तारीख ऑगस्टची, असं जोडपं दिसलं की चूक सापडली. रीडिंग आणि तारीख एकाच दिवसाची असली पाहिजे.

हाच दिवसांचा मुद्दा घर बंद नसतानाही येतो. सणामुळे, पावसामुळे किंवा रीडिंगचा माणूस बदलल्यामुळे रीडिंग 30 ऐवजी 36 व्या दिवशी झालं, तर 174 युनिटांचं घर 209 वर जातं. 209 ला 36 ने भागून 30 ने गुणा, 174 येतात. मीटरवर महिना छापलेला नसतो, तो दोन तारखांतूनच काढावा लागतो. असं बिल आलं तर अर्जात हा भागाकार लिहून महिन्याच्या मापाने हिशेब मागा.

दुसरा प्रकार आकडा चुकीचा टिपण्याचा. 5,128 च्या जागी 5,218 टिपलं गेलं तर एका फटक्यात 90 युनिट वाढतात. मागचं रीडिंग 4,963 असेल तर खरा वापर 165, आणि बिलात दिसतात 255. पुढच्या महिन्यात खरं रीडिंग 5,290 आलं की वापर 72 दिसेल आणि बिल शून्य. दोन महिन्यांची बेरीज दोन्हीकडे 327 च आहे. पण 132 च्या हक्काच्या घराला खऱ्या हिशेबात 63 युनिटांचे पैसे पडले असते, इथे 255 चे पडतात. पुढचं रीडिंग चुकून टिपलेल्या आकड्यापेक्षा कमी निघालं, तर पाच आकडी मीटर 99,999 वरून फिरून आलं असं यंत्र समजू शकतं. मग हजारो युनिटांचं बिल छापलं जातं. अशा बिलाला घाबरू नये, ते दुरुस्त होणं सगळ्यात सोपं असतं.

डिजिटल मीटरचा पडदा आळीपाळीने बरेच आकडे दाखवतो. आपल्याला हवा तो ज्याच्याशेजारी kWh लिहिलेलं असतं तोच. kVAh किंवा नुसतं kW दिसत असेल तर तो दुसरा आकडा आहे, पडदा बदलेपर्यंत थांबा किंवा बटण दाबा. टिंबानंतरचा आकडा युनिटात धरायचा नाही. मोबाईलवर फोटो काढताना मीटर नंबर आणि kWh दोन्ही एकाच चौकटीत येऊ द्या. बिल आलं त्याच दिवशी काढलेला असा फोटो अर्जाला जोडला तर निम्मं भांडण तिथेच मिटतं. दहा दिवसांनी काढलेल्या फोटोवर मधल्या वापराचा वाद सुरू होतो.

रीडिंग बरोबर, दिवस बरोबर, तरीही युनिट जास्त वाटतात असं असेल, तर अर्ज देण्याआधी घरात एक पारख करा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि पट्टीवर 3200 imp/kWh असा आकडा असतो. तो आकडा तुमच्या मीटरवर वेगळाही असेल. 3200 म्हणजे दिवा 3,200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं सगळं बंद करून फक्त 1,000 वॅटची इस्त्री लावा. ती तापत असताना मिनिटाला साधारण 53 वेळा लुकलुक व्हायला हवी. इस्त्री तापली की आपोआप बंद होते, म्हणून पहिल्याच मिनिटात मोजा. होल्टेज कमी असेल तर आकडा थोडा खाली येईल. 70-80 यायला लागले तर मीटर तपासणीचा अर्ज करण्यात अर्थ आहे. मग मीटरनंतरचा मेन स्विच पाडा. तरी दिवा लुकलुकत राहिला, तर मेन स्विचच्या आधीच कुठेतरी वायर गेलेली आहे, शेजारच्या खोलीला, जिन्यातल्या दिव्याला किंवा सामाईक पंपाला. मेन चालू आणि सगळी बटणं बंद असताना लुकलुकत असेल तर घरातल्या वायरिंगमध्ये गळती आहे किंवा टाकीचा पंप चालू राहिला आहे. ही चूक बिलाची नाही, वायरमनला बोलवा.

रुपयांच्या ओळींवर फार वेळ लागत नाही. युनिट गुणिले दर हा विजेचा आकार. स्थिर आकार, बिलावर 'निगदित शुल्क', हा मंजूर भाराच्या किलोवॅटवर असतो. भार एकचा असताना दोनचा लागला आहे का, एवढं बघा. कर, म्हणजे 'तेरिगे', 9 टक्के. इंधन व वीजखरेदीचं समायोजन महिन्यागणिक बदलतं, कधी वजाही असतं, म्हणून त्यासाठी शेजारच्या घराच्या त्याच महिन्याच्या बिलातला युनिटमागचा दर ताडून बघावा. दोन घरांचा दर सारखाच असला पाहिजे. नवे दर एप्रिलपासून लागू होतात तेव्हा 1 एप्रिलला किंवा त्यानंतर पहिलं रीडिंग होतं, त्या दिवसापासूनच्या वापराला ते लागतात. म्हणजे 5 एप्रिलला रीडिंग झालं असेल तर त्या बिलातले मार्चचे युनिट जुन्याच दराने हवेत. एप्रिलचं बिल या एका कारणासाठी तरी नीट बघावं.

'बाकी' आणि 'बड्डी' या ओळींत आकडा असेल तर मागच्या बिलाची पावती काढा. शेवटच्या तारखेला ऑनलाईन भरलेले पैसे पुढचं बिल छापेपर्यंत खात्यात जमा दिसले नाहीत की बाकी आणि वर महिन्याला 1 टक्का व्याज छापून येतं. एखादी वेगळीच मोठी रक्कम जादा सुरक्षा ठेव म्हणून मागितलेली असते. ती चूक नसते. वापर वाढला की दोन महिन्यांच्या बिलाएवढी ठेव ठेवावी लागते. पण ती ठेव तुमचीच असते आणि विद्युत कायदा 2003 च्या कलम 47 प्रमाणे तिच्यावर व्याज मिळतं. ठेवीची मागणी करणाऱ्या बिलावर व्याजाची जमा कुठे आहे, हे जरूर विचारा.

आता चूक सापडल्यावर काय. बिल न भरता बसू नका. त्याच कायद्याचं कलम 56 असं सांगतं की थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शिवाय ग्राहकाने तक्रार राखून, म्हणजे तसं लेखी देऊन, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम, यांतली जी कमी असेल ती भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. वरच्या दाखल्यातल्या घराला 1,666 रुपये भरून परताव्याची वाट बघायची गरज नाही, सहा महिन्यांची सरासरी भरली तरी चालतं. त्याच कलमात आणखी एक उपयोगी वाक्य आहे. दोन वर्षांपूर्वी देय झालेली आणि मधल्या बिलांत सतत थकबाकी म्हणून न दाखवलेली रक्कम वसूल करता येत नाही. अचानक पाच वर्षांपूर्वीची बाकी उगवली तर आधी मधली बिलं काढा.

अर्ज उपविभागाच्या कार्यालयात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. 1912 वर फोन केलात तर तक्रार क्रमांक अर्जात लिहा. भाषेमुळे अडू नका. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 350 ने प्रत्येकाला दिला आहे, म्हणजे अर्ज मराठीत दिलेला चालतो. तरी आमचा सल्ला असा की आकड्यांचा अर्धा कागद कानडीत जोडा. हक्काचा प्रश्न वेगळा आणि टेबलावरच्या माणसाला दोन मिनिटांत हिशेब कळणं वेगळं. त्या कागदावर दोन खऱ्या रीडिंगांच्या तारखा, त्यांतला फरक, दिवस, 30 दिवसांचा वापर, गृहज्योतीचा हक्क आणि तुमच्या मते देय युनिट एवढंच असावं. दाद मिळाली नाही तर जिल्ह्याचा ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. कलम 42 मध्ये या दोन्हींची तरतूद आहे. तिथेही हाच कागद लागतो.

तुमच्या मंडळांना आमची विनंती एकच आहे. ज्यांचा वापर 150 ते 200 युनिटांच्या मधे असतो अशी घरं गल्लीत शोधा. 200 ची रेघ त्यांनाच चावते. साठ-सत्तर युनिट जाळणाऱ्याच्या बिलात दहा दिवस इकडेतिकडे झाले तरी फार बिघडत नाही. या घरांच्या मीटरचा फोटो दर महिन्याला रीडिंगच्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊ द्या, तारीख आपोआप पडते. घर बंद ठेवून गावाला जाणाऱ्याने मीटरचा फोटो काढून शेजाऱ्याकडे द्यावा. रीडिंगचा माणूस आला तर शेजारी तो दाखवेल. त्याने तो घेतलाच पाहिजे असं नाही, पण महिन्याअखेरीस अर्ज करायची वेळ आली तर तारखेसकट पुरावा हाताशी असतो.

आपले,
लाईट बिलांचा हिशेब तपासणारे काही जण
बेळगाव